मोरचुदाच्या पाण्यात थेंब तरंगला म्हणून घाबरू नका

येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, निम्मी माणसं गावाला जातात आणि रक्तपेढ्यांना रक्त कमी पडू लागतं, म्हणून आम्ही मुद्दाम हाच महिना धरला.

गेल्या शिबिरात मी नोंदणीच्या टेबलावर होते. घाबरून परत गेलेले फारसे कुणी नव्हते. जास्त वाईट वाटलं ते ‘तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे’ हे ऐकून मान खाली घालून निघालेल्या बायकांचं. त्यात माझी जाऊही होती. आजची पोस्ट मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात. ते पाणी म्हणजे मोरचुदाचं ठरावीक घनतेचं द्रावण. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं, म्हणजे साडेबारा ग्रॅम किंवा जास्त असेल, तर थेंब जड असतो आणि काही सेकंदांत तळाला जातो. कमी असेल तर तो मध्येच रेंगाळतो किंवा वर येतो. थेंबात हवेचा बुडबुडा अडकला तरी तो तरंगतो. त्यामुळे शंका वाटली तर ‘मशीनवर एकदा बघता का?’ असं मोकळेपणाने विचारा. यावेळी ते छोटं मशीनही टेबलावर असेल.

जाऊबाईंचा थेंब तरंगला, मशीनवर ११.४ आलं. ‘मी तर धडधाकट आहे, मला काय झालंय?’ असं त्या दिवसभर विचारत होत्या. दर महिन्याच्या पाळीत जाणारं लोह जेवणातून पुरतं भरून निघत नसलं की असं होतं, आणि आपल्याकडे हे फार बायकांचं होतं. त्यांना आम्ही डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तपासून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. जाऊबाई जेवणाच्या मागोमाग चहा घ्यायच्या, तो बंद करायला सांगितला, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगितलं. तीन महिन्यांनी त्यांचं हिमोग्लोबिन १२.८ झालं. रविवारी त्या येणार आहेत. परत पाठवतात ते आपल्याच भल्यासाठी. शिवाय त्या एका थेंबामुळे एरवी कळलंच नसतं ते कळतं.

‘रक्त दिलं की महिनाभर अशक्तपणा येतो’ ही भीतीही समजून घेऊ. ४५ किलोच्या वर वजन असेल तर साधारण ३५० मिली रक्त घेतात; ५५च्या वर असेल तर ४५० मिलीपर्यंत घेता येतं. त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. सगळ्यात हळू भरतो तो लोहाचा साठा. म्हणूनच दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० दिवस आणि बायकांनी १२० दिवस थांबायचं असतं. हा नियम अशक्तपणा येऊ नये म्हणूनच केला आहे.

चक्कर येते ती बहुतेकदा उपाशीपोटी आल्यामुळे, धास्तीमुळे किंवा सुई निघाल्यावर लगेच उठल्यामुळे. आलीच तर आडवं करून पाय वर उचलतात, काही मिनिटांत बरं वाटतं. उपास असेल तर कृपा करून त्या दिवशी देऊ नका.

सुईचं विचारणारे खूप असतात. सुई पिशवीलाच जोडलेली, सीलबंद आणि एकदाच वापरायची असते. रक्त देण्याने एचआयव्ही किंवा कावीळ होऊ शकत नाही. तुमचं रक्त मात्र एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासलं जातं.

वय १८ ते ६५ चालतं, पण पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत या. रक्तदाबाची गोळी चालू असेल, दाब आटोक्यात असेल आणि गेल्या महिन्याभरात डोस बदलला नसेल, तर चालतं. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त इन्सुलिन घेणाऱ्यांना देता येत नाही. गेल्या वर्षभरात टॅटू काढला असेल किंवा बाळंतपण झालं असेल तर थांबा. बाळाला अंगावर पाजत असाल तरीही थांबा. पाळी चालू असेल तर ते दिवस जाऊ द्या. बाकी काही औषध चालू असेल तर ते लपवू नका. द्यायचं की नाही ते शिबिरातले डॉक्टर ठरवतील.

येताना ओळखपत्र आणा, पोटभर खाऊन आणि भरपूर पाणी पिऊन या. घरून निघताना खाणं झालं नाही तर हॉलबाहेर ८ वाजल्यापासून पोहे आणि लिंबूसरबत असेल, आधी ते घ्या आणि मग नोंदणीला या. टेबलावर मीच आहे.