फ्रेम मोजून फोटो खोटा ठरत नाही

"पॅनोरामा असो की स्टार ट्रेल, एकाहून जास्त फ्रेम जोडल्या की फोटो फेकच. बातमीच्या फोटोत माणसं चिकटवतात, त्यात नि यात काडीचा फरक नाही," असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही.

स्टार ट्रेलपासून सुरू करू, म्हणजे आकाश फिरताना ताऱ्यांच्या उमटलेल्या गोल रेघांचा फोटो. सलग तासभर शटर उघडं ठेवलं तर सेन्सर तापून नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके येतात, म्हणून लोक 30 सेकंदांच्या 120 फ्रेम घेतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक जागेचा सगळ्यात उजळ पिक्सेल ठेवतं, म्हणजे एकाच लांब एक्सपोजरमध्ये जे आलं असतं जवळपास तेच. तपासणंही सोपं आहे. आकाश तासाला 15 अंश फिरतं, त्यामुळे ध्रुवाजवळचा कंस छोटा नि लांबचा मोठा दिसला तरी कोन सगळ्यांचा सारखाच हवा. कोणी "तीन तासांचा ट्रेल" म्हणतोय आणि कंस 15 अंशांचेच आहेत, तर तिथे खुशाल विचारा.

पॅनोरामात एकच माणूस दोनदा दिसतो, खरंय. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतोय आणि माणूसही त्याच दिशेने चालतोय, मग तो पुढच्या फ्रेममध्ये परत सापडणारच. पण दुसऱ्यांदा त्याचं पाऊल बदललेलं असतं, हात वेगळा असतो. कपड्याची घडीसुद्धा हुबेहूब तीच असेल तर ती कॉपी, पॅनोरामाचं नाव पुढे करून चालणार नाही.

आता चिकटवणं म्हणजे काय ते बघा. 2003 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सचा फोटोग्राफर ब्रायन वॉल्स्की याने इराकमधे बसराजवळ काही क्षणांच्या अंतराने फोटो काढले. एका फ्रेममध्ये ब्रिटिश सैनिकाचा हातवारा जमला होता, दुसऱ्या फ्रेममध्ये मुलाला घेतलेला माणूस, त्याने दोन्ही जोडून एक फोटो केला. मागे बसलेली काही माणसं दोनदा दिसली, तिथून ते उघडकीला आलं आणि त्याची नोकरी गेली. पॅनोरामात फ्रेम वेगवेगळ्या दिशांच्या असतात, दृश्य एका फ्रेममध्ये मावत नाही म्हणून जोडावं लागतं. इथे दृश्य एका फ्रेममध्ये मावत होतं, जोडलं ते फक्त न घडलेला क्षण तयार करायला. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

आणि उलटंही होतं बरं का. दहा स्टॉपचा, म्हणजे प्रकाश साधारण हजारपट कमी करणारा काळा एनडी फिल्टर लेन्सवर लावला की 1/30 सेकंदाचं एक्सपोजर साधारण अर्ध्या मिनिटावर जातं, आणि भर गर्दीच्या चौकातली चालती माणसं पुसली जातात. एकच फ्रेम, जोडकाम शून्य. पण खाली "चौक ओस पडला" लिहिलं की फोटो खोटं बोलतो. तासाभरातल्या पाच विजा एकत्र आणलेल्या फोटोचंही तेच, खाली "तासाभराचं कॉम्पोझिट" लिहिलं असेल तर माझी काही हरकत नाही.