सात दिवस फुकट, आठव्या दिवशी मी

काल सकाळी दात घासताना फोन वाजला, बघितलं तर बँकेचा मेसेज, खात्यातून ₹२,९९९ गेले, आणि ज्या ट्यूशन ॲपने ते घेतले त्याच्या फ्री ट्रायलचं मराठी कॅप्शन मीच लिहिलंय. तोंडात फेस होता म्हणून शिवी आतच राहिली.

मी मराठी कॉपी लिहितो, शब्दाला दोन रुपये. काम साधं होतं, 'सुरू करा' बटणाच्या खाली चार ओळी, ज्यात आम्ही तुमची कुठली माहिती घेतो आणि ट्रायल नको असेल तर ते रद्द कसं करायचं एवढं सांगायचं. २०२३ चा तो डेटा संरक्षण कायदा म्हणतो की अशी सूचना पालकाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचता आली पाहिजे, तिथे मराठी आहे, त्यामुळे कुणाला तरी मराठी माणूस आठवला. तो कायदा असंही म्हणतो की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणं सोपं हवं. हे सगळं टप्प्याटप्प्याने लागू होणारे. मला वाटलं, चला, बरे लोक आहेत, आधीच तयारी करतायत.

लिहायच्या आधी ॲप बघायला नको का, म्हणून माझ्याच फोनवर ट्रायल घेतलं आणि सातवीतल्या लेकीला अपूर्णांकाला बसवलं. ट्रायल चालू करताना यूपीआय ऑटोपेचा स्क्रीन येतो, तो कुणी वाचत नाही, मी मात्र पगारी असल्यामुळे वाचला. वर मोठ्या आकड्यात ₹१, जो नंतर परत येतो. खाली बारीक अक्षरात खरी गंमत. कमाल रक्कम ₹५,०००, म्हणजे आज प्लॅन २,९९९ चा असला तरी उद्या ४,९९९ चा केला तर परवानगी तुम्ही आजच देऊन बसलात. आणि मुदत दहा वर्षं. दहा वर्षांनी माझी मुलगी बावीसची असेल, इंजिनियरिंग संपलेलं असेल, अपूर्णांक मात्र चालूच. शिवाय १५,००० पर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, म्हणजे पिन फक्त त्या एक रुपयाला मारायचा, पुढचे हजार आपले आपण निघून जातात.

तर मी लिहिलेलं कॅप्शन हे. "७ दिवस फुकट. आठव्या दिवशी ₹२,९९९ आपोआप कापले जातील. नको असेल तर त्याआधी तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून रद्द करा, नुसतं हे ॲप काढून टाकलं तर पैसे कापले जातीलच. आम्ही तुमचा नंबर, मुलाचं नाव, इयत्ता, उत्तरं, प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ आणि पाठवलेले फोटो साठवतो. हे सगळं मिटवायचं असेल तर सेटिंगमध्ये 'खातं मिटवा' दाबा." त्रेपन्न शब्द, एकशेसहा रुपये. मला स्वतःला आवडलं होतं.

मग मीटिंग. त्यांच्याकडे ग्रोथ बघणारा एक मुलगा आहे, वय पंचवीस असेल, मराठी चांगलं बोलतो, कॅमेरा चालू ठेवून खाकरा खात होता.

"सर, पहिली लाईन एक नंबर. पण 'कापले' नको."

"का?"

"गळा आठवतो सर."

"मग आठव्या दिवशी पैशाचं नेमकं काय होतं असं लिहू?"

"पैसे कशाला मध्ये आणायचे? आठव्या दिवशी प्रवास सुरू राहतो."

मी म्हटलं बरं, पुढे. पुढे 'साठवतो' वर अडला. साठवतो म्हणजे म्हणे रेशनच्या गव्हासारखं वाटतं, किंवा पोलीस स्टेशनसारखं, यातलं नक्की कुठलं ते त्याचं ठरत नव्हतं.

"पण तुम्ही साठवताच ना रे ती माहिती?"

"टेक्निकली हो. पण सर, फील बघा. आपण ती जपतो."

जपतो! माझी आजी लोणच्याची बरणी जपायची, म्हणजे कुणालाच हात लावू द्यायची नाही. हे लोक माझ्या मुलीने अपूर्णांकाच्या भागाकाराला किती सेकंद लावले ते जपणार. आणि खरं सांगू का, यादीत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. कॅमेरा नि माईकचं फोन निदान विचारतो तरी, नाही म्हणता येतं, नाही म्हटलं तर गणिताचा फोटो जात नाही इतकंच. पण कुठल्या प्रश्नावर मूल किती वेळ थांबलं, कुठलं उत्तर खोडलं, रात्री किती वाजता ॲप उघडलं, याला कुठलीच चौकट येत नाही, ते वापरतानाच गोळा होतं. ते सांगायची एकच जागा, कॅप्शन. आणि प्ले स्टोअरवर 'डेटा सेफ्टी' म्हणून जे लिहिलेलं असतं ते त्या ॲपवाल्यांनीच स्वतःबद्दल भरलेलं असतं, लग्नाच्या बायोडाटासारखं.

"शेवटचं सर. 'रद्द' पण नको. रद्द म्हटलं की डेक्कन क्वीन रद्द आठवते, मूड जातो. 'कधीही थांबा' करूया?"

"अरे थांबा म्हटलं की एसटी आठवते."

"एक्झॅक्टली सर! पॉझिटिव्ह आहे! थांब्यावर लोक पुढे जायलाच थांबतात ना!"

यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. अजून नाहीये. तो खाकरा संपवून म्हणाला, जाता जाता अजून एक छोटं बटण आहे, ट्रायल नको असणाऱ्यांसाठी, इंग्रजीवरून मराठी करून द्या. मजकूर असा की 'नको, माझं मूल मागे पडलं तरी चालेल'. मी म्हटलं, हे असं लाजवणारं बटण करायला मनाई आहे रे, ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने तेरा प्रकार लिहून काढलेत, त्यात हे आहे आणि ज्यातून बाहेर पडायचा रस्ता लपवलाय ते सबस्क्रिप्शनचं जाळंही आहे. तो म्हणाला, "सर तुम्ही किती वाचता हो," आणि हे त्याने मनापासून म्हटलं, त्याचाच जास्त राग आला.

शेवटी काय गेलं ॲपवर? "७ दिवस मोफत शिका! कधीही थांबा. अटी लागू." आठ शब्द. आणि बिल पाठवल्यावर उत्तर आलं की पॉलिसीप्रमाणे वापरलेल्या शब्दांचेच पैसे मिळतात. सोळा रुपये. त्यातला एक 'थांबा' तर त्याचाच.

आता कालचं. झालं असं की चौथ्या दिवशी फोनची मेमरी भरली, बायकोने वापरात नसलेली ॲप उडवली, त्यात हेही गेलं. मी बघितलं, म्हटलं, गेलं ते बरं झालं. मी! ज्याने 'नुसतं हे ॲप काढून टाकलं तर' हे वाक्य लिहिलं, तो मी. पैसे कापायच्या निदान चोवीस तास आधी मेसेज यावा लागतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो आलाही होता, पण लोनच्या दोन आणि जिमच्या एका मेसेजच्या मध्ये सापडला आणि मी तिन्हींसकट वर सरकवला.

"पण ॲप काढलं तर पैसे जातात हे कुठे लिहिलंय?" बायको.

"मी लिहिलं होतं."

"दाखव."

हे कुठून दाखवणार?

मग कस्टमर केअर. तिकडच्या ताई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, ट्रायल वेळेत रद्द न केल्यामुळे परतावा मिळणार नाही. सुरू करा बटणाच्या खालचं कॅप्शन वाचलं होतं का आपण?"

"ताई, ते मी लिहिलंय."

"अरे वा. मग तर सर तुम्हाला सगळं माहितीच असणार."

फोन ठेवून पहिलं काम केलं ते ऑटोपेचं, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा २,९९९. यूपीआय ॲपमध्ये प्रोफाईलवर गेलो, तिथे ऑटोपे, त्यात चालू मँडेटची, म्हणजे आपण दिलेल्या परवानग्यांची यादी, हे उघडून रद्द दाबलं, पिन टाकला, एक मिनिट सुद्धा लागलं नाही. यादीत अजून एक भजनांचं ॲप निघालं, जे बाबांनी माझ्या फोनवर कधी घेतलं देव जाणे, तेही काढलं. पैसे प्ले स्टोअरमार्फत जात असते तर हेच तिथे करावं लागलं असतं, फोटोवर टॅप करून पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये. जिथून परवानगी दिली तिथूनच ती काढायची, एवढंच आहे ते. आणि एवढंच त्या आठ शब्दांत बसत नव्हतं.

दुपारी त्याच ॲपच्या काउन्सिलरचा फोन. "सर, आपली कन्या अपूर्णांकाच्या भागाकारात कमकुवत आहे. सहाव्या प्रश्नाला तिने अकरा मिनिटं घेतली. आमचा वर्षाचा प्लॅन..." मी लेकीला विचारलं, काय गं, सहावा प्रश्न अवघड होता? ती म्हणाली, नाही, चिवडा आणायला गेले होते, आणि मग आजीचा फोन आला.

म्हणजे ॲप गेलं, मँडेट गेला, चिवड्याची अकरा मिनिटं मात्र त्यांच्याकडे जपलेली. ट्रायल रद्द करणं वेगळं आणि खातं मिटवणं वेगळं, हेही माझ्याच शेवटच्या ओळीत होतं. आता 'खातं मिटवा' दाबायला ते ॲप पुन्हा घ्या, त्याच्यासाठी मेमरीत जागा करा, लेकीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ उडवा? मग आठवलं की प्ले स्टोअरवाल्यांच्या नियमाने खातं मिटवायची वेब लिंकही द्यावी लागते, ॲपच्या पानावर डेटा सेफ्टीच्या आत. चष्मा लावून शोधली, सापडली.

फॉर्म उघडला. नंबर, ओटीपी, आणि मग 'आम्हाला सोडून जाण्याचं कारण', तेही सक्तीचं. पर्याय तीन, 'माझ्या मुलाने ध्येय गाठलं', 'नवा फोन घेतला' आणि 'इतर'. मराठी कुणाचं आहे ते लगेच ओळखलं, फक्त खाकऱ्याचा चुरा दिसत नव्हता.

'इतर' मध्ये लिहिलं, "या ॲपचं कॅप्शन मी लिहिलं होतं, ते पूर्ण छापलं असतं तर हा फॉर्म भरावा लागला नसता." सोळा शब्द झाले. बत्तीस रुपयांचं बिल वेगळं पाठवलंय.