आदरणीय सर/मॅडम

एम. एस्सी. बॉटनीचा निकाल लागला आणि घरात माझं नाव 'मग आता पुढे?' असं पडलं. मी म्हटलं, प्राध्यापकांना मेल टाकतो, कुणाच्या तरी प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून लागतो. बाबांनी चष्मा पुसला. तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, अर्ज म्हटल्यावर तो गप्प बसणार थोडाच? पहिला मसुदा त्यांनीच सांगितला: "महोदय, मी खाली सही करणार, विनंतीपूर्वक अर्ज करतो की..." मी त्याचं इंग्रजी केलं. वाचलं तर वाटावं, मला नोकरी नको, चार दिवसांची किरकोळ रजा हवी आहे.

मग माझी अक्कल चालवली. लहानपणापासून मला वनस्पतींची ओढ आहे, तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करणं हे माझं स्वप्न आहे, मी मेहनती आहे. असा मेल एकदाच लिहायचा, वरचं नाव तेवढं बदलायचं आणि एका रात्रीत बावीस जणांना धाडायचा. नावं मी विभागाच्या वेबसाइटवरून उचलून चिकटवली. सकाळी 'पाठवलेले' उघडलं, तर सगळं पत्र काळ्या बारीक अक्षरांत आणि प्राध्यापकांचं नाव तेवढं निळं, दुप्पट मोठं. लग्नपत्रिकेत पाहुण्याचं नाव पेनाने भरावं तसं. त्यातल्या तीन मॅडमना मी 'सर' केलं होतं. एक गृहस्थ तर शैवालांवर काम करणारे. त्यांना मी गवतांवरच्या संशोधनाने भारावून गेल्याचं कळवलं होतं.

बावीसपैकी एक उत्तर आलं. ते सुट्टीवर असल्याचं त्यांच्या मेलबॉक्सने आपणहून कळवलं होतं.

शेवटी आमच्याच कॉलेजातल्या एका सीनियर ताईने कान उपटले. ती प्रोजेक्टवर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो आहे, त्यामुळे असे मेल तिच्या मॅडम तिलाच चाळायला देतात. म्हणाली, "बाळा, पगार मॅडमच्या पर्समधून येत नाही. प्रोजेक्ट मंजूर होतं तेव्हाच त्यात माणसांचा खर्च ठरलेला असतो. जागा असेल तर जाहिरात निघते, मुलाखत होते, आणि प्रोजेक्ट संपलं की जागाही संपते. तुझ्या मेलने नोकरी मिळत नाही. जाहिरात आली की तुझं नाव आठवावं, एवढंच त्याचं काम." नेट किंवा गेट परीक्षा पास असेल तर 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि वर घरभाडं. माझं नेट दोन वेळा हुकलंय, म्हणजे त्याहून कमी. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. तिने आकडा शेजारी सांगून टाकलाय.

"आणि हे स्वप्न-बिप्न काढ," ताई म्हणाली. "तुला हाताने काय येतं ते लिही."

हाताने! विचार केला, तेव्हा आठवलं की डिसर्टेशनसाठी मी राजापूरकडच्या कातळसड्यावर अख्खा पावसाळा काढला होता. विषय गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन नावाचं पावसाळी फुलझाड. वरून पाहिलं तर सगळे सारखेच, टोकाला पांढरा मणी. जात ओळखायची तर तो मणी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने सोडवावा लागतो, आतलं एकेक इवलं फूल वेगळं करावं लागतं, बियांची नक्षी बघावी लागते. शिंक आली की संशोधन जमिनीवर. शिवाय कोकणातला पाऊस: दाबून ठेवलेल्या झाडांचे कागद रोज बदलले नाहीत तर तिसऱ्या दिवशी नमुन्यावर बुरशी, आणि मग आपण बुरशीचे अभ्यासक. घरमालकीणबाईंच्या चुलीशेजारी मी ओले पेपर वाळवत असे. त्यांना वाटायचं, पोराला बातम्या शिळ्या करून वाचायची खोड आहे.

हेच लिहिलं. एकाच मॅडमना, सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करणाऱ्या. दाबलेल्या झाडांच्या साठ शीट केल्या, त्यासाठी गेंदाची डोकी सोडवली, दोन जातींच्या बियांत माझा घोळ झाला तो अजून सुटलेला नाही. तुमच्या पेपरात त्या दोन्ही वेगळ्या कशावरून धरल्या? ऑगस्ट-सप्टेंबर फील्डवर राहू शकतो. नेट नाही. दहा ओळी. दोन पानी बायोडेटातून 'छंद: वाचन, संगीत' काढून टाकलं, तर तो दीड पानाचा झाला. बाबांनी वाचून विचारलं, "आणि 'आपला आज्ञाधारक' कुठाय?"

चौथ्या दिवशी उत्तर. हात थरथरत उघडलं. "सध्या जागा नाही. एक प्रस्ताव पाठवलाय, मंजूर झाला तर जाहिरात निघेल, तेव्हा रीतसर अर्ज करा. बियांबद्दल बोलू. तोवर तुमच्या एका शीटचा फोटो पाठवा."

मी सर्वात देखणी शीट काढली. देठ न देठ सरळ, मणी जागच्या जागी, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: नाव, ठिकाण, गोळा करणारा, तारीख. खिडकीच्या उजेडात सात फोटो काढले, त्यातला एक निवडून पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर.

"नमुना छान दाबलाय. लेबलावर तारीख 31 सप्टेंबर आहे."