गटांना नावं असतील तर २! ने भागू नका

“गट पाडायच्या गणिताचा सोपा नियम: दोन गट सारख्या संख्येचे असले की उत्तराला २! ने भागायचंच. आणि कोणता गट आधी भरला यावरही उत्तर बदलतं, म्हणून तीन गट असतील तर शेवटी ३! ने गुणायचं.”

या नियमातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आधी भागाकाराचं बघू. १० स्वयंसेवक आहेत. ४ नोंदणीला, ३ मंचावर आणि ३ वाहनतळावर पाठवायचे आहेत. दहाही जणांना एका रांगेत उभं करण्याचे १०! प्रकार होतात. पहिले चार नोंदणीला, पुढचे तीन मंचावर, उरलेले वाहनतळावर. नोंदणीच्या चौघांनी आपसांत जागा बदलल्या तरी वाटप तेच राहतं, म्हणून ४! ने भागायचं. बाकी दोन गटांसाठी ३! ने दोनदा.

१०! / (४! × ३! × ३!) = ४२००

हा झाला बहुपद सहगुणक. यातला प्रत्येक भागाकार गटाच्या आतल्या अदलाबदलीसाठी आहे. वर आणखी २! ने भागलं, तर मंचावरचे तिघे आणि वाहनतळावरचे तिघे यांची अख्खी अदलाबदल आपण ‘काहीच बदललं नाही’ अशी धरली. उन्हात गाड्या लावणाऱ्या तिघांना हे पटणार नाही!

गटांना कामं किंवा नावं नसतील, नुसतं ‘चौघांचा एक गट आणि तिघा-तिघांचे दोन’ एवढंच म्हटलं असेल, तर मात्र २१०० हे उत्तर बरोबर आहे. म्हणजे प्रश्न सारख्या संख्येचा नाही, गट वेगळे ओळखता येतात का याचा आहे.

शंका असेल तर छोट्या आकड्यांवर पडताळा घ्या. चार जण, दोन खोल्या. प्रत्येकापुढे दोन पर्याय, म्हणून एकूण २⁴ = १६ वाटपं. पहिल्या खोलीत ०, १, २, ३, ४ जण असतील तर अनुक्रमे १, ४, ६, ४, १ प्रकार, बेरीज १६. दोन-दोनच्या वाटपाचे ६ भागून ३ केले, तर बेरीज १३ येते आणि तीन वाटपं गायब होतात.

आता क्रम. नोंदणी आधी भरली तर २१० × २० × १ = ४२००. मंच आधी, मग वाहनतळ, शेवटी नोंदणी, असं केलं तर १२० × ३५ × १ = ४२००. भरण्याचा क्रम ही आपली मोजायची सोय आहे, वाटपाचा भाग नाही. गुणायचं कशासाठी?

गुणाकार लागतो तो वेगळ्या प्रश्नात: ४, ३, ३ हे आकडे ठरलेत, पण चौघे कोणत्या कामाला हे ठरलेलं नाही. तिथेही ३! चालत नाही. चौघांचं काम निवडायचे प्रकार तीनच, कारण उरलेल्या दोन्ही कामांना तीन-तीनच जातात. उत्तर ३ × ४२०० = १२,६००. आकडे ५, ३, २ असे तिन्ही वेगळे असते, तर मात्र सहाने गुणावं लागलं असतं: ६ × २५२० = १५,१२०.