वरच्या मजलेवाल्यांच्या वकिलाला खूश करणारं पत्र कसं लिहावं

छतातून पाणी टपकायला लागलं की पहिलं काम कागद घ्यायचं. प्लंबर नंतर. फोटो तर काढूच नका, तुम्ही किती चिडलाय हे दिसत असताना भिंत किती ओली आहे याच्याशी कुणाला काय करायचंय?

मी आमच्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे बिनपगारी आणि बारमाही शिव्या खाणारा. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या 302 मधून पत्र आलं. विषय : ‘आपल्या निर्लज्ज निष्क्रियतेबाबत’. चार पानं, पाठपोट. प्रत उपनिबंधक, पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त आणि मुख्यमंत्र्यांना. पत्रात मी हिटलर आहे, वरचे 402 वाले ‘बापजाद्यांची जहागीर समजणारे’ आहेत, बिल्डर तर कोण आहे ते इथे लिहिता येत नाही. गळती कुठल्या खोलीत आहे, कधीपासून आहे आणि आम्ही करायचं काय, हे मात्र चारही पानांत नाही. मी शोधलं, चष्मा पुसून शोधलं.

तर अशा पत्राची कला ज्यांना आत्मसात करायची आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

सुरुवात ‘तथाकथित सेक्रेटरी’ अशी करा. निवडून आलेल्या माणसाला तथाकथित म्हटलं की तो धावत येतो.

गळतीचं कारण पहिल्याच ओळीत जाहीर करून टाका. ‘तुमच्या बेकायदा बाथरूममुळेच.’ तपास कशाला? वरच्यांचा नळाचा मुख्य कॉक बंद केल्यावर टपकणं थांबलं तर दोष बहुधा पाण्याच्या लाइनीत असतो. ते आंघोळ करतात तेव्हाच टपकत असेल तर नहाणी ट्रॅप, त्याचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग. आणि फक्त पावसातच भिंत ओली होत असेल तर बाहेरची भिंत, म्हणजे खर्च सोसायटीचा, वरच्यांचा नव्हे. सोसायट्यांच्या कारभाराचे नियम म्हणजे आदर्श उपविधी, त्यांत ही विभागणी स्पष्ट आहे : पावसाची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीकडे, घरातल्या शौचालय-मोरीची त्या सभासदाकडे. पण तुम्ही लिहून मोकळे व्हा. पुढे डक्टमधला सामाईक पाइप फुटलेला निघाला, की तुमचंच सहीचं पत्र दाखवून सोसायटी म्हणेल, ‘यांनीच लिहिलंय ना, दोष 402 चा म्हणून?’ आणि 402 वाले पाइप दाखवून हसतील. एका फटक्यात दोन्ही प्रतिपक्ष सुटले.

मुदत चोवीस तासांची द्या, वर ‘अखेरची नोटीस’ लिहा. महिन्याने पुन्हा अखेरची. दिवाळीत आणखी एक, ‘खरोखर अखेरची’. कोर्टात तातडीचा मनाई हुकूम मागायला जाल तेव्हा समोरचा वकील तीनही कागद ओळीनं मांडेल आणि विचारेल, यात तातडी कुठली?

आता उपरोध. ही आपल्या लोकांची खास आवड, त्यामुळे इथे जरा थांबतो.

आमच्याच आवारातल्या दुसऱ्या विंगचं प्रकरण सहकार न्यायालयात गेलं, तेव्हा रेकॉर्ड द्यायला मला जावं लागलं. खालच्या गृहस्थांनी वरच्यांना एक पत्र लिहिलं होतं. त्यांच्या मते झणझणीत : ‘आपल्या बाथरूमचं तीर्थ आमच्या देवघरावर पडतं हे आमचं भाग्यच. आमची काहीही तक्रार नाही. उलट भिंतीवर जी नक्षी उमटली आहे ती पाहायला पाहुणे येतात. आमच्या मुलाने छताला ड्रिल मारलं म्हणूनच हे भाग्य लाभलं, नाही का?’ ग्रुपवर लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. फाइलमध्ये मात्र ते पत्र पुराव्याची निशाणी म्हणून लागलं आणि वरच्यांच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, एक परिच्छेद आला : अर्जदाराने स्वतःच ‘काहीही तक्रार नाही’ असे लेखी कळवले आहे. तसेच छताला ड्रिल मारल्याचे अर्जदाराने मान्य केले आहे.

मान्य केलं आहे! ड्रिलचा आरोप मुळात वरच्यांनी तोंडी केला होता, त्याची चेष्टा म्हणून यांनी ती ओळ लिहिली. पण कागदावर स्वर उमटत नाही. डोळा मारलेला दिसत नाही. आपण स्वतः केलेलं विधान आपल्याविरुद्ध वापरता येतं, हा पुराव्याचा साधा नियम आहे. जुन्या 1872 च्या कायद्यात होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. अशी कबुली म्हणजे अंतिम शब्द नव्हे, संदर्भ समजावून सांगता येतो, न्यायाधीशही माणूसच असतो. पण तो संदर्भ समजावायचा कुणी? तुम्हीच, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, उलटतपासणीत. ‘ही सही तुमची का?’ ‘हो.’ ‘तक्रार नाही असं लिहिलंय का?’ ‘हो, पण ते मी...’ ‘हो की नाही तेवढं सांगा.’ त्या गृहस्थांचा चेहरा मी समोरून पाहिला. छताचं प्लास्टर पडलं होतं, सळ्या गंजून उघड्या पडल्या होत्या, सगळं खरं होतं. आणि तारीख गेली ती विनोद समजावण्यात.

मग धमकी. ‘पाणी बंद करा नाहीतर मीच वर येऊन पाइप कापतो.’ लिहा, जरूर लिहा. वरचे ते पत्र घेऊन पोलीस चौकीत जातील, अदखलपात्र तक्रार नोंदवून येतील आणि तिची प्रत तुमच्या अर्जाच्या उत्तराला जोडतील. भारतीय न्याय संहितेचं कलम 351, फौजदारी धाकदपटशा, वाचून ठेवा. उद्या त्यांचा पाइप आपोआप जरी फुटला तरी पहिलं नाव कुणाचं? आणि मनाई हुकूम कोर्टाच्या विवेकावर असतो. मागणाऱ्याचं स्वतःचं वागणंही तिथे पाहिलं जातं.

‘सेक्रेटरी चोर आहे, कमिशन खातो’ हे उपनिबंधकांना पुराव्यासह आणि प्रामाणिकपणे लिहिलंत तर कायदा तक्रारदाराला संरक्षण देतो. तेच वाक्य सगळ्या सभासदांना वाटलंत तर बदनामीच्या खटल्यात तेच संरक्षण मागणं फार अवघड जातं. म्हणून तुम्ही सगळ्यांना वाटा.

मेंटेनन्स बंद करण्याची धमकी सर्वांत चांगली. गळतीचा मुद्दा बाजूला राहतो आणि तुम्ही थकबाकीदार होता, वर उपविधींप्रमाणे सरळव्याज.

पत्राच्या डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलं की खाली काहीही चालतं, असं काही जण सांगतात. ते तडजोडीच्या बोलण्यासाठी असतं हो. शिव्यांवर पांघरायची चादर नाही ती.

पुरे झालं. आता 302 वाल्यांशीच सरळ बोलतो, कारण तुमच्या त्या चार पानांवर पोच देताना माझा हात खरंच थरथरत होता. रागानं नाही, हताशपणानं. माझ्या हातात तुम्हाला मदत करण्याचा अधिकार होता. पूर्वसूचना देऊन एखाद्या सदनिकेत जाऊन पाहणी करायचा हक्क उपविधींनीच समितीला दिलाय. तुम्ही तो वापरायला सांगितलंच नाही! हिटलर म्हणालात, पाहणी करा म्हणाला नाहीत. आणि ते पत्र मी 402 ला दाखवल्यावर त्यांनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. त्याआधी ते प्लंबरला आत घ्यायला तयार होते. हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही त्यांच्याशी बोललाच नाहीत.

असं लिहायचं होतं :

‘प्रति, सचिव. विषय : सदनिका 302 मधील गळती, संयुक्त पाहणीची विनंती. महोदय, 12 जूनपासून आमच्या मागच्या बेडरूमच्या छतावर, बाथरूमच्या भिंतीलगत, सुमारे दोन फूट बाय तीन फुटांचा ओलावा आहे. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पाणी टपकते. पाऊस नसलेल्या दिवशीही टपकते. तारखेसह फोटो सोबत जोडले आहेत. कारण निश्चित करण्यासाठी उपविधींनुसार सदनिका 402 ची पाहणी समितीने प्लंबरसह करावी, ही विनंती. आम्ही हजर राहू. नहाणी बंद करून रंगीत पाणी चोवीस तास साठवण्याची चाचणी घेतल्यास कारण सर्वांना दिसेल. कृपया पंधरा दिवसांत पाहणीची तारीख कळवावी. तसे न झाल्यास आम्हाला कायद्याने उपलब्ध मार्ग अवलंबावे लागतील. आमचे सर्व हक्क अबाधित आहेत.’

एवढंच. अर्धं पान. यात ‘कदाचित 402’ असंही नाही, कारण कारण अजून माहीत नाही. ‘सुमारे दोन बाय तीन’ आहे, ‘घर पाण्याखाली’ नाही. उद्या कोर्टाने पाहणीसाठी आपला कमिशनर पाठवला तर त्याला दोन बाय तीनच दिसणार आहे, आणि मग तुमचं बाकीचंही त्याला खरं वाटेल. शेवटून दुसरं वाक्य धमकी नाही, पण वकिलाला जे हवं ते सगळं त्यात आहे.

आणि 402 वाल्यांना वेगळं, ‘आपण’ म्हणून, चार ओळींचं : पाहणीला सहकार्य करावे, दोष आपल्या बाजूस निघाल्यास दुरुस्तीचा कालावधी आपण सुचवावा. नकार आला तरी चालेल. नम्र विनंतीला दिलेला लेखी नकार हा तुमच्या फाइलमधला सर्वांत वजनदार कागद ठरू शकतो. शिवीला दिलेल्या नकाराला काही वजन नाही, कारण त्यांच्या जागी कुणीही नकारच दिला असता.

पत्र दोन प्रतींत आणा, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. आम्ही घेत नसलो तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पावती जपून ठेवा. मेंटेनन्स भरत राहा. तक्रार असेल तर पावतीसोबत ‘निषेध नोंदवून भरत आहे’ असं पत्र द्या. पंधरा दिवस गेले तर दुसरं पत्र, त्यात पहिल्याची तारीख आणि तितकीच शांत भाषा. चिडून चिडून किती चिडणार आहात? तुमचं छत तुमच्या रागानं वाळत नाही. कुणी तरी वर जाऊन नहाणी ट्रॅप उघडून बघितल्यावरच वाळेल, आणि तो उघडायला लावणारा कागद तुम्ही अजून मला दिलेला नाही.