रात्री दोनचा मुहूर्त आणि रिट्रायची पंगत

रात्रीचा जॉब लावताय ना, मग डोळे मिटून क्रॉनमध्ये `0 2 * * *` टाका. दोनच का? अहो सगळे दोनच टाकतात, आपण काय जगावेगळे आहोत का. समोरचा एपीआयवाला बिचारा एक वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत माशा मारत बसलेला असतो, दोनच्या ठोक्याला अख्खी वरात दारात गेली की त्यालाही जरा बरं वाटतं.

आता त्याने 503 दिला, तर लगेच परत मारा. `while True` लावा, मध्ये थांबणंबिंबणं काही नको. माणूस धापा टाकत असला की आपण त्याला गदागदा हलवतोच ना, तसंच.

ऑफिसात एखादा सिनियर असतोच जो म्हणेल की अरे असं नको करू, एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ लाव, आधी 1 सेकंद थांब मग 2 मग 4 मग 8. ठीके, त्याचा मान ठेवा, वयाने मोठा आहे. पण तो पुढे जिटर लाव, म्हणजे थांबायचा वेळ रँडम कर, असं म्हणायला लागला की कान बंद करा, कारण सगळी गंमत तिथेच जाते.

आमच्याकडचंच घ्या. 200 दुकानांची 200 मशिनं, सगळी रात्री दोनला स्टॉकचा हिशोब एका बाहेरच्या एपीआयकडे पाठवणार, आणि तो एपीआय सेकंदाला धरून चाला वीस रिक्वेस्ट पचवतो. दोन वाजता 200 जण धडकले, 20 जेवले, 180 उपाशी. ते सगळे शिस्तीत 1 सेकंद थांबून एकदम परत आले, आणखी 20 जेवले. मग 2 सेकंदांनी सगळे एकदम, मग 4 ने, मग 8 ने. पाच पंगती, प्रत्येकी वीस पानं, म्हणजे 100 जेवले आणि 100 जणांच्या लॉगमध्ये `max retries exceeded`. आणि ह्यात बघण्यासारखं काय असेल तर सातव्या आणि पंधराव्या सेकंदाच्या मधे वाढपी हातात वरणाचं भांडं घेऊन रिकामा उभा होता आणि बाहेर 120 जण घड्याळ बघत होते! सोळा सेकंदांत तो 320 जणांना वाढू शकला असता, आले होते 200. पण शिस्त म्हणजे शिस्त.

ही शिस्त बिघडवायला दोन ओळी पुरतात, म्हणून ह्या चुकूनही लिहू नका, `n` म्हणजे कितवा रिट्राय, 0 पासून मोजून:

```python
delay = random.uniform(0, min(60, 2 ** n))
time.sleep(delay)
```

म्हणजे 8 सेकंद थांबायचं नाही, 0 ते 8 मधला कुठलाही एक क्षण निवडायचा, ज्याचा त्याने. (तो 60 म्हणजे वरची मर्यादा, नाहीतर अकराव्या रिट्रायला माणूस सतरा मिनिटांपर्यंत झोपतो.) मग ते उरलेले 120 जण आठ सेकंदांत पसरतात, सेकंदाला सरासरी पंधरा, आणि जवळपास सगळे जेवून जातात. लॉग इतका कोरडा की सकाळच्या मीटिंगमध्ये बोलायला विषय नाही.

आणि अगदीच बॉसने जिटर घालायलाच लावलं, तर वर `random.seed(42)` लिहा. कोड रिव्ह्यूत जिटर दिसेल, आणि 200 मशिनं तोच तोच रँडम आकडा काढून पुन्हा हातात हात घालून जातील. किंवा मूळ सुरुवातच पसरवायची म्हणून क्रॉनटॅबच्या ओळीतच `sleep $((RANDOM % 300))` घाला. क्रॉनटॅबमध्ये `%` म्हणजे नवी ओळ, त्यामुळे कमांड तिथेच तुटते आणि जॉब चालतच नाही, एपीआयला पूर्ण आराम. मी हे केलेलंय, दोन दिवस कळलं नव्हतं.

टाइमआउटचा तर विचारच करू नका. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, सरळ हिशोब. तिकडे एन्ट्री पडली होती आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असं कधी होतं का? परत `POST` मारा. प्रत्येक रिक्वेस्टला एक ठरलेली `key` देऊन रिट्रायला तीच पाठवली, आणि समोरचा ती तपासत असला, तर दुसरी एन्ट्री पडत नाही म्हणे, पण मग दुकानात 40 च्या जागी 80 साबणाच्या वड्या दिसण्याचा आनंद कसा मिळणार.

429 बरोबर `Retry-After: 120` आलं तर ते वाचू नका, आपल्याला आपलं 1-2-4-8 पाठ आहे. आणि एवढं सगळं केल्यावर एक दिवस ते तुमचा आयपीच ब्लॉक करतील, 403 यायला लागेल. तोही रिट्राय करा, चार वेळा, काय सांगावं, पंधरा सेकंदांत त्यांचा राग उतरलेला असेल.