दोन कॉन्टॅक्ट पोझमध्ये वॉक सायकल होत नाही

"एक कॉन्टॅक्ट पोझ करा, फ्रेम १३ वर मिरर करा, मधलं सगळं ब्लेंडर भरतं. लो-पॉलीला पासिंग आणि अप पोझ कोणाला दिसतात?"

वॉक सायकलसाठी असा सल्ला दिला जातो. त्यातलं आधी 'ब्लेंडर भरतं' हे बघू. ब्लेंडर फक्त दोन कींच्या मधली जागा काढतं, गुडघा कधी सरळ व्हायला पाहिजे हे त्याला माहीत नसतं. समजा कॅरेक्टरचा पाय १ मीटर आणि एका पावलात कापलेलं अंतर ६० सेंटीमीटर. कॉन्टॅक्टला पाय फाकलेले असतात म्हणून कंबर साधारण ९५ सेंटीमीटरवर येते, आणि १३ वर मिरर केलं तरी ती ९५ च, म्हणजे मधेही कंबर हलतच नाही. मग फ्रेम ७ ला दोन्ही पाय अंगाखाली आले की त्यांना मावायला जागा कमी पडते आणि दोन्ही गुडघे ३५ अंशाच्या आसपास वाकतात. शिवाय मागचा पाय उचललेलाच नाही, तो जमिनीवरून घासत पुढे येतो. बाजूने बघा, कॅरेक्टर अर्धवट बसून स्केटिंग करतंय असं दिसतं.

म्हणून ७ ला पासिंग, म्हणजे एक पाय दुसऱ्याजवळून पुढे जातानाची पोझ, हाताने करायचीच. कंबर ९९ वर न्या, टेकलेला पाय जवळजवळ सरळ ठेवा (पूर्ण ताणू नका, आयके असेल तर गुडघा झटका मारतो) आणि दुसरं पाऊल १०-१५ सेंटीमीटर उचला.

आता अप, म्हणजे कंबर सगळ्यात वर असते ती पोझ. मी पण बरेच दिवस ही गाळायचो आणि कॅरेक्टर फुग्यासारखं का तरंगतं तेच कळायचं नाही. नुसती पासिंग असेल तर कंबर ६ फ्रेम वर आणि ६ फ्रेम खाली, अगदी सारखी, त्यामुळे वजनच जाणवत नाही. फ्रेम १० ला टेकलेल्या पायाची टाच उचलून कंबर १०२ वर नेली की चढायला ९ फ्रेम लागतात आणि पडायला फक्त ३, आणि त्या झटपट पडण्यातच वजन दिसतं.

आणि लो-पॉलीत दिसत नाही हे तर उलटंच आहे हो! कपड्याच्या सुरकुत्या नाहीत, चेहऱ्यावर काही नाही, डोळ्याला बघायला फक्त सिल्हूट उरतं, त्यात घासणारा पाय लगेच पकडला जातो. फक्त गुडघ्याला दोन-तीन एज लूप ठेवा, नाहीतर पासिंगला तिथली मेश चेपते.

मिररचं मात्र बरोबर आहे, तो वेळ वाचवाच. हाडांच्या नावांना `.L` आणि `.R` असेल तर १, ७, १० च्या पोझ कॉपी करून `Ctrl+Shift+V` ने १३, १९, २२ वर टाका. २५ वर १ चीच कॉपी, पण प्लेबॅक २४ ला थांबवा, कारण २५ पण वाजली तर तीच पोझ दोनदा येते आणि दर फेरीला चाल किंचित अडखळते.